घरात रेंज नाही, वाय-फाय आहे, तरी कॉल तुटतो: पाटणच्या घरात सापडलेली कारणं

आमचं गाव पाटण तालुक्यात, मोरणा खोऱ्यात. घराच्या तिन्ही बाजूंना डोंगर आणि टॉवर त्यांच्या पलीकडे. मी साताऱ्यात राहते, आई गावी एकटी असते. गावात केबलवाल्यानं फायबर आणल्यावर आम्ही लगेच जोडणी घेतली आणि आईच्या फोनवर वाय-फाय कॉलिंग चालू केलं. आठ-दहा दिवस आवाज इतका स्वच्छ यायचा की मागं चुलीवर भाकरी थापल्याचंही ऐकू यायचं. मग त्रास सुरू झाला. बोलता बोलता आवाज गप व्हायचा आणि पाच-दहा सेकंदांनी कॉल तुटायचा. कधी कधी मी फोन लावला की "संपर्क क्षेत्राबाहेर" असं ऐकू यायचं आणि आई मात्र फोन हातात घेऊन बसलेली असायची. राऊटर बंद करून चालू केला की दोन दिवस बरं चालायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

केबलवाल्या दादांनी स्पीड मोजून दाखवला, तो व्यवस्थित होता. पण कॉलसाठी स्पीडचा प्रश्न जवळजवळ कधीच नसतो. एका कॉलला जाता-येता मिळून दोनशे केबीपीएस मिळाले तरी पुरतात. कॉलला लागतं ते सातत्य. आवाजाची पाकिटं सेकंदाला पन्नास, म्हणजे दर २० मिलिसेकंदांना एक, अशी निघतात. ती त्याच तालात पोचली पाहिजेत. स्पीड टेस्ट हे दाखवत नाही.

तपास समजावा म्हणून आधी आत काय घडतं ते सांगते. वाय-फाय कॉलिंग म्हणजे व्हॉट्सॲप कॉल नव्हे. नंबर आपलाच, कॉलही प्लॅनमधलाच, आणि समोरच्याला काहीही वेगळं करावं लागत नाही. फोन वाय-फायवर आला की तो इंटरनेटमधून थेट मोबाईल कंपनीच्या एका दारापर्यंत कुलूपबंद बोगदा खणतो. ओळख सिमकार्डमधल्या किल्लीनं पटवतो. मग आपला आवाज, समोरचा आवाज, आणि "तुम्हाला कॉल आलाय, घंटी वाजवा" हा निरोप, सगळं या बोगद्यातून येतं-जातं. बोगदा उभा आहे तोवर कॉल आहे. म्हणून खरा प्रश्न एकच असतो, बोगदा कोण मोडतंय? आमच्या घरी तो तीन ठिकाणी मोडत होता आणि म्हणूनच एक दुरुस्ती केली की अर्धाच फरक पडायचा.

तपासाला सगळ्यात उपयोगी ठरली ती साधी युक्ती. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा आणि मग त्यातच वाय-फाय हातानं चालू करायचं. आता टॉवरशी फोनचा काही संबंध उरत नाही. मिनिटभरात वरच्या पट्टीत VoWiFi असं किंवा फोनच्या चित्राशेजारी वाय-फायच्या लाटा दिसल्या पाहिजेत. आयफोनवर कंपनीच्या नावापुढे Wi-Fi लिहून येतं. हे चिन्ह येतच नसेल तर आधी फोनच्या सेटिंगमध्ये Wi-Fi calling त्या सिमसाठी चालू आहे का पाहा, कारण दोन सिम असतील तर दोन्हींची बटणं वेगळी असतात. भारतात ही सोय २०१९ च्या डिसेंबरात एअरटेलनं आणि २०२० च्या जानेवारीत जिओनं सुरू केली. त्याआधीच्या काही फोनना अपडेटमधूनही ती मिळाली नाही, तेव्हा फोनचं मॉडेलही तपासा.

चिन्ह आलं की वीस मिनिटं बोला आणि घड्याळ लावून पाहा. फ्लाइट मोडमध्ये कॉल ठणठणीत राहिला, तर दोष राऊटरचा नाही. फोनच मधेच टॉवरकडे पळत होता. फ्लाइट मोडमध्येही तुटला, तर दोष घरातल्या वाय-फायचा, राऊटरचा किंवा बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या लाईनचा. आणि तो प्रत्येक वेळी ठरावीक मिनिटालाच तुटत असेल, तर कुठल्या तरी पेटीतली वेळमर्यादा संपते आहे असं धरा. वाय-फायच्या कमकुवतपणानं तुटणारा कॉल असा घड्याळ पाळत नाही.

आमच्याकडे सोप्यात बसून केलेली ही चाचणी पास झाली. तोच फोन साध्या मोडवर ठेवला की त्याच जागेवर बारा मिनिटांत दोनदा कॉल तुटला. म्हणजे पहिला चोर फोनमध्येच होता.

टॉवरचा सिग्नल अगदीच नसता तर आम्हाला इतका त्रास झाला नसता. त्रास होतो तो "थोडासा" सिग्नल असतो तिथं. सेटिंगमध्ये फोनची माहिती उघडून SIM status पाहिलं की सिग्नल आकड्यात दिसतो. तो उणे असतो आणि जितका मोठा उणे आकडा तितका सिग्नल वाईट. ४-जीवर उणे ११० च्या खाली गेलं की कॉल कुरकुरायला लागतो, उणे १२० च्या आसपास तो टिकत नाही. आमच्या सोप्यात आकडा उणे ११३ ते ११९ यांमध्ये हिंदकळत होता. दारात उभं राहिलं की उणे १०८. सोप्याच्या डोक्यावर पत्रा आहे, भिंती दोन फुटी दगडमातीच्या, त्यामुळे आई दारातून आत आली की सिग्नल पडायचा आणि बाहेर गेली की वाढायचा. फोन प्रत्येक वेळी नव्यानं ठरवायचा: आता टॉवर बरा दिसतोय, तिकडे जाऊ. तिकडे गेला की दोन मिनिटांत तो टॉवर हातचा जायचा.

चालू कॉल वाय-फायवरून टॉवरवर जाताना समोर चांगलं ४-जी असेल तर बहुधा कळतही नाही. पण ४-जी काठावरचं असेल तर कॉल तिथं उतरतो आणि तुटतो. आणि पलीकडे फक्त जुनं २-जी असेल तर वाय-फायवरचा चालू कॉल त्याच्यावर जातच नाही, सरळ संपतो. डोंगरी भागात काही कंपन्यांच्या बाबतीत हे फार होतं.

उपाय सेटिंगमध्येच आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये Wi-Fi calling च्या पानावर Calling preference असते. तिथं वाय-फायला प्राधान्य द्यायचं, मोबाईल नेटवर्कला नाही. सिम टाकल्यावर कंपनीकडून बहुतेकदा उलटं ठरवलेलं असतं. काही फोनमध्ये हा पर्याय दिसतच नाही. तसंच वाय-फाय मंद वाटलं की आपोआप मोबाईल डेटाकडे जाणारी जी सोय असते, तीही बंद करायची. वेगवेगळ्या फोनमध्ये तिचं नाव वेगळं असतं, पण ती वाय-फायच्या प्रगत सेटिंगमध्ये सापडते. आईच्या फोनमध्ये प्राधान्याचा पर्याय होता, तेवढ्यानंच सोप्यातले तुटणारे कॉल थांबले.

ज्यांच्या फोनमध्ये पर्याय नाही त्यांनी घरात असताना फ्लाइट मोड आणि वाय-फाय असंच ठेवावं. हा जुगाड वाटतो, पण चोख चालतो आणि वर बॅटरीही टिकते, कारण क्षीण टॉवर शोधत राहणं हे फोनला फार दमवणारं काम. त्याची किंमत एकच, घराबाहेर पडताना फ्लाइट मोड काढायची आठवण ठेवावी लागते. आमच्या शेजारच्या काकांनी चपला ठेवायच्या फळीवर खडूनं "विमान" लिहून ठेवलंय.

इथवर सोप्यातलं झालं. आई मात्र बसते स्वयंपाकघरात आणि तिथं फ्लाइट मोडमध्येही आवाज तुटत होता. आता दोष वाय-फायचा. फोनवर टर्मक्स नावाचं, आज्ञा टाईप करून चालवायचं ॲप घालून, स्क्रीन चालू ठेवून, राऊटरलाच शंभर हाका मारून पाहिल्या:

```
ping -c 100 192.168.1.1
```

हा पत्ता तुमच्या राऊटरचा असायला हवा. वाय-फायच्या तपशिलात Gateway म्हणून तो दिसतो. इंटरनेटचा इथं काही संबंध नाही, फक्त फोन ते राऊटर एवढंच अंतर मोजलं जातं, आणि म्हणूनच ही चाचणी खरं बोलते. सोप्यात शंभरपैकी शंभर उत्तरं आली. स्वयंपाकघरात ११ हरवली आणि बरीच ४००-५०० मिलिसेकंद उशिरानं आली. कधीमधी शंभरेक मिलिसेकंद दिसले तर घाबरू नका, फोनचं वाय-फाय वीज वाचवायला डुलकी घेतं त्यामुळे तसं होतं. पण हाका हरवायला लागल्या, तर शंभरात दोन हरवल्या तरी आवाजात खड्डे पडतात. अकरा म्हणजे बोलणंच अशक्य.

कारण दिसतच होतं: सोपा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये माजघर, आणि माजघराच्या दोन्ही अंगांना काळ्या दगडाच्या भिंती. ५ गीगाहर्ट्झचं वाय-फाय पहिल्याच भिंतीत संपतं. २.४ गीगाहर्ट्झचं पुढं जातं खरं, पण दुसऱ्या भिंतीपलीकडे त्याचा नुसता वास उरतो. भावानं आधी रिपीटर आणून माजघरात लावला होता. रिपीटर तेच वाय-फाय ऐकून पुन्हा सांगतो. त्याला स्वतःलाच नीट ऐकू आलं नाही तर तो पुढं काय सांगणार? शिवाय प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जातं. चित्रफीत पाहायला हे चालून जातं, कारण तिथं आधीच साठा करून ठेवता येतो. बोलण्याला साठा चालत नाही.

आम्ही रिपीटर काढला आणि सोप्यातल्या पेटीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत वीस मीटर कॅट-६ केबल ओढली. दगडाच्या भिंतीला भोक पाडायची गरज पडली नाही, आढ्याजवळ वाशांखालून जागा मिळाली. टोकाला साताऱ्याहून आणलेला दुसरा राऊटर लावला. पिंग पुन्हा केलं, शंभराला शंभर. मला वाटलं झालं. त्याच संध्याकाळी आई बोलता बोलता स्वयंपाकघरातून सोप्यात आली आणि कॉल तुटला.

हा तिसरा दोष. मला वाटतं हाच सगळ्यात जास्त घरांत असतो आणि सगळ्यात कमी ओळखला जातो. गावाकडे केबलवाल्याची फायबरची पेटी हाच एक राऊटर असतो. त्याला आपण आपला राऊटर जोडला, तो नेहमीप्रमाणे त्याच्या बाहेरचं इंटरनेट घेणाऱ्या WAN खणात केबल खोचून, की घरात दोन स्वतंत्र नेटवर्कं तयार होतात. आमच्या सोप्यातल्या पेटीवर फोनला 192.168.1 नं सुरू होणारा पत्ता मिळत होता, स्वयंपाकघरात 192.168.0 नं सुरू होणारा. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवला होता, म्हणून फोन आपणहून इकडून तिकडे जायचा. पण तिकडे गेल्याबरोबर त्याचा पत्ता बदलायचा. बोगदा खणलेला असतो जुन्या पत्त्यावरून. पत्ता बदलला की तो बहुतेकदा नव्यानं खणावा लागतो आणि तेवढ्यात चालू कॉल जातो.

"संपर्क क्षेत्राबाहेर" चं मूळही इथंच होतं. सिग्नल तपासताना मी सोप्यातच थांबले होते म्हणून हे आधी लक्षात आलं नाही, पण साताऱ्याहून आणलेल्या राऊटरच्या आधी भावानं लावलेला रिपीटरसुद्धा प्रत्यक्षात राऊटरसारखाच, स्वतःचे पत्ते वाटत चालू होता. राऊटर घरातल्या फोनसाठी एक नोंदवही ठेवतो: बाहेरून या वाटेनं उत्तर आलं तर ते या फोनला द्यायचं. कुणी काही बोललं नाही की थोड्या वेळानं नोंद पुसतो. बोगद्याच्या वाहतुकीसाठी ही मुदत कित्येक राऊटरमध्ये ३० सेकंद ते दोन-तीन मिनिटं एवढीच असते. फोनला हे माहीत असतं, म्हणून तो साधारण दर २० सेकंदांनी रिकामं पाकीट पाठवून नोंद जिवंत ठेवतो. पण बॅटरी वाचवायच्या नादात फोन गाढ झोपला किंवा वाटेत दोन-दोन नोंदवह्या असल्या आणि त्यांतली एक आखडती निघाली, की नोंद पुसली जाते. मग कंपनीकडून आलेला घंटीचा निरोप राऊटरच्या दारात येऊन परत जातो. फोनला वाटतं बोगदा आहे, कंपनीलाही वाटतं आहे, मधे मात्र दार बंद. आईनं स्क्रीन उघडून फोन लावला की सगळं पुन्हा जागं व्हायचं, त्यामुळे तिच्याकडून कॉल जायचा आणि माझ्याकडून यायचा नाही. ही खूण लक्षात ठेवा: जाणारे कॉल ठीक, येणारे मात्र फोन बराच वेळ पडून राहिल्यावर येत नाहीत, तर नोंदवही आणि बॅटरी पाहायची.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. दुसऱ्या राऊटरच्या पानावर जाऊन त्याला Access Point मोडवर टाकलं. असा मोड नसेल तर त्यातलं पत्ते वाटणारं DHCP बंद करायचं, त्याला पहिल्या पेटीच्या मालिकेतला पण कुणी न वापरलेला पत्ता द्यायचा, आमच्याकडे 192.168.1.2 दिला, आणि केबल WAN खणातून काढून घरातल्या उपकरणांसाठीच्या LAN खणात लावायची. आता पत्ते वाटणारी पेटी घरात एकच. आई सोप्यातून स्वयंपाकघरात गेली तरी फोनचा पत्ता तोच राहतो आणि बोगदा टिकतो, फार तर क्षणभर आवाज अडखळतो. दोन्ही पेट्यांच्या २.४ गीगाहर्ट्झसाठी चॅनल वेगळे ठेवले, एकीला १, दुसरीला ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. फोनमध्ये फोन ॲप आणि कॅरियर सर्व्हिसेसवरची बॅटरीची बंधनं काढली आणि रात्री आपोआप लागणारा अल्ट्रा बॅटरी सेव्हर बंद केला.

राऊटरच्या सेटिंगबद्दल एक सांगते, कारण लोक हमखास सांगतात: "एसआयपी एएलजी बंद कर." ही राऊटरमधली, इंटरनेट फोनची बोलणी वाचून त्यांत बदल करणारी सोय. इंटरनेटवरच्या इतर फोन सेवांसाठी तो सल्ला बरोबर असेल, पण वाय-फाय कॉलिंगची सगळी बोलणी कुलूपबंद बोगद्यात असतात, राऊटरला ती वाचताच येत नाहीत. त्यामुळे त्या बटणानं इथं फरक पडत नाही. पाहायचंच असेल तर केबलवाल्याच्या पेटीत फायरवॉल High वर आहे का ते पाहा. बोगदा यूडीपी नावाच्या वाहतुकीच्या ५०० आणि ४५०० क्रमांकाच्या दोन दारांतून जातो. कडक फायरवॉल किंवा अशा बोगद्यांना वाट देणारा पण बंद ठेवलेला IPSec passthrough ती दारं लावून घेतो, आणि मग VoWiFi चं चिन्ह येतच नाही. खात्री करायला दारात उभं राहून दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवर फ्लाइट मोडवाला फोन जोडा. तिथं चिन्ह आलं आणि घरच्या वाय-फायवर नाही आलं, तर तक्रार केबलवाल्याकडे न्यायला पुरावा मिळाला. फोनमध्ये व्हीपीएन किंवा जाहिराती अडवणारं ॲप असेल तर ते आधी बंद करून पाहा.

उरली लाईट. पाटणच्या पावसात लाईट तासन्‌तास जाते आणि राऊटर बंद म्हणजे आईचा फोनच बंद. दोन्ही पेट्यांचे ॲडॉप्टर १२ व्होल्टचे निघाले, म्हणून १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घेतला. पेटीच्या ॲडॉप्टरवर ९ व्होल्ट लिहिलं असेल तर तो चालणार नाही, वाचून घ्या. यूपीएसवर लिहिलेले ८,८०० एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात. म्हणजे साधारण साडेबत्तीस वॉट-तास. आमच्या दोन पेट्या मिळून दहा वॉटच्या आसपास खातात, तेव्हा हिशेबानं तीन तास, प्रत्यक्षात अडीच. पण गावातल्या केबलवाल्याच्या मधल्या पेटीची बॅटरी संपली तर आपला यूपीएस चालू असूनही इंटरनेट जातं. आमच्याकडे हे दोनदा झालंय आणि तिथं आपल्या हातात काही नाही.

म्हणूनच आईच्या फोनवर प्राधान्य वाय-फायला असलं तरी दिवसा मी तो फ्लाइट मोडवर ठेवत नाही. ११२ लावलं की फोन मिळेल त्या कंपनीच्या टॉवरवरून तो कॉल लावायचा प्रयत्न करतो. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर तिथं पोचत असेल तर तेवढ्यासाठी तो चालतो. घराभोवती फोन घेऊन हिंडलो, आणि परसातल्या आंब्याखाली दगडी कट्ट्यावर आकडा उणे १०४ पर्यंत येतो हे सापडलं. लाईट आणि इंटरनेट दोन्ही गेलं तर तिथं जाऊन फोन लावायचा, हे आईला दोनदा प्रत्यक्ष करून दाखवलं.